'मोजणी' : वाचन, तालीम आणि पंधरा मिनिटांचा हिशोब

१ नोव्हेंबर २०२५, शनिवार. ठाणे

शॉर्ट फिल्मच्या पटकथेचा चौथा खर्डा काल रात्री अडीचला बंद केला. फाईलवर 'मोजणी' असं लिहिलंय. नाव हेच राहील की नाही, ते नंतर बघू.

गोष्ट चार ओळींत, पुढच्या नोंदी वाचताना लागेल म्हणून. नौपाड्यातली तीन मजली जुनी इमारत रीडेव्हलपमेंटला गेलीय. घरांची मोजणी करायला एक माणूस येतो. टेपचं दुसरं टोक धरायला कुणी नाही, म्हणून आईच्या हातात देतो. मुलाला संमतीपत्रावर आईची सही हवीय. खोल्या मोजून होतात आणि माणूस बाल्कनीपाशी येऊन थांबतो, कारण बाल्कनी कार्पेट एरियात धरत नाहीत. बाबा अख्खं आयुष्य त्याच बाल्कनीत खुर्ची टाकून बसले. रात्री सगळे गेल्यावर आई एकटीच बाल्कनी मोजते.

ज्या स्पर्धेला पाठवायची, तिची मर्यादा १५ मिनिटं, टायटल्स धरून. सुरुवातीचं नाव आणि शेवटची नामावली मिळून ५० सेकंद काढून ठेवले, म्हणजे फिल्मला उरले १४ मिनिटं १० सेकंद. मी स्वतःला १३:३० चं लक्ष्य दिलंय. एडिटला थोडी हवा लागते.

आता खर्डा किती मिनिटांचा आहे? माझ्या लॅपटॉपवर १७ पानं. असिस्टंटने तीच फाईल उघडली तर १९. त्याच्याकडे माझा फॉन्ट नव्हता, कम्प्युटरने स्वतःच दुसरा लावला आणि ओळी खाली सरकल्या. एक पान म्हणजे एक मिनिट हा ठोकताळा इंग्रजी पटकथेच्या ठरलेल्या साच्यावर बेतलेला आहे: कुरिअर टाईप, बारा पॉइंट, समास ठरलेले. देवनागरीत वर मात्रा, खाली उकार, ओळीची उंचीच वेगळी, शिवाय आपण प्रत्येकजण आपल्या मनाचा साचा वापरतो. त्यामुळे पानं मोजून काही कळत नाही. पीडीएफ करून सगळ्यांना पाठवली, निदान पान क्रमांक तरी एकच राहील. वेळ घड्याळावरच काढायची.

२ नोव्हेंबर, रविवार. पहिलं वाचन

सोसायटीच्या ऑफिसात, सकाळी साडेदहा. लांब टेबल, सहा खुर्च्या, भिंतीवर थकबाकीदारांची यादी. वातावरण विषयाला साजेसं.

आई करणाऱ्या ताई ऐरोलीहून आल्या. राज्य नाट्य स्पर्धेत वीसेक वर्षं काढलेली बाई, वाचताना पान धरत नाहीत, पेलतात. मोजणीवाला करणारा मुलगा महापेला नोकरीला आहे, त्याला शनिवार-रविवारच मोकळे. मुलगा आणि सून करणारे दोघे ठाण्याचेच. सुनेचा फक्त फोनवरचा एक प्रसंग आहे, सातवा.

दोनदा वाचायचं असं आधीच सांगितलं होतं. पहिलं वाचन बिनघड्याळाचं: अडखळा, हसा, प्रश्न विचारा. 'संमतीपत्र'चं मी एका जागी 'संपत्तीपत्र' केलेलं निघालं आणि त्यावर पाच मिनिटं गेली. मुलगा करणाऱ्याचं म्हणणं, तीच चूक ठेवा, खरी आहे. ठेवली नाही. मग चहा, आणि दुसरं वाचन घड्याळ लावून. त्यात नियम एकच. कुणी चुकलं तरी थांबायचं नाही.

घड्याळ प्रसंगागणिक वेगळं लावलं. अख्ख्या वाचनाचा एकच आकडा काढला तर तो जास्त आहे एवढंच कळतं, कुठे जास्त आहे ते कळत नाही. आजचे आकडे:

१ जिना – ०:३५
२ दार – १:२०
३ हॉलची मोजणी – २:०५
४ स्वयंपाकघर – ३:५०
५ बेडरूम – १:४०
६ बाल्कनी – २:२५
७ सुनेचा फोन – १:३०
८ सही – २:००
९ रात्र – ०:५०

एकूण १६:१५. म्हणजे १४:१० पेक्षा दोन मिनिटं पाच सेकंद जास्त. असिस्टंट म्हणाला, "सर, दोनच मिनिटं आहेत, पाच-सहा वाक्यं उडवली की झालं." मलाही तसंच वाटलं, आणि खरं सांगायचं तर बरंही वाटलं.

३ नोव्हेंबर, सोमवार

बरं वाटलं तिथेच संशय यायला हवा होता. कालच्या वाचनात कंसातल्या कृती मीच वाचत होतो. रेकॉर्डिंग ऐकलं. खर्डा लांब झालाय हे मला ठाऊक होतं, म्हणून मी कृती पळवत वाचल्यात. 'तो हॉलची लांबी-रुंदी मोजतो, वहीत लिहितो' हे मी चार सेकंदांत संपवलंय. पुन्हा असं होऊ द्यायचं नाही. ज्याचा जीव खर्ड्यात अडकलाय त्याने ना कृती वाचायच्या, ना घड्याळ हातात घ्यायचं.

संध्याकाळी घरी पाच मीटरची स्टीलची टेप काढली आणि बहिणीला टोक धरायला लावलं. टेप ओढायची, ती दुसऱ्या भिंतीपर्यंत न्यायची. दोनेक मीटरच्या पुढे पातं मध्येच वाकतं, म्हणून समोरच्याने टोक सरळ भिंतीला दाबून धरायचं. आकडा वाचायचा, टेप लॉक करायची, खिशातून पेन, वही, लिहिणं. मग दुसरी भिंत. फोनवर पाहिलं: ४९ सेकंद. कागदावर चार, प्रत्यक्षात एकोणपन्नास.

मग बाकीच्या कृतीही तशाच करून पाहिल्या. पाचव्या प्रसंगात दोघे मिळून लोखंडी कपाट सरकवतात आणि मागची भिंत मोजतात, तिथे ३५ सेकंद वाढले. नवव्यात आई एकटी. टेपचं टोक सुटतं, ती त्यावर वरवंटा ठेवते, पुन्हा दुसऱ्या टोकाला जाते. तिथेही ३५. तिसऱ्यातले ४५, पाचव्यातले ३५, नवव्यातले ३५, असे एक मिनिट पंचावन्न सेकंद मिळवले तर फिल्म निघते १८:१० ची.

म्हणजे कापायचंय चार मिनिटं. पाच-सहा वाक्यांत ते होणार नाही.

एक गोष्ट मात्र लक्षात आली. ज्या प्रसंगांत लोक नुसते बोलतात, तिथे वाचनाचा आकडा बऱ्यापैकी खरा असतो. आठव्यात दोघे बसून बोलतात, मी तो खुर्चीत बसून पुन्हा वाचला, दोन मिनिटंच. हाताला काम असलं की आकडा खोटा ठरतो. आमच्या फिल्मचं नावच 'मोजणी', अर्ध्या प्रसंगांत हाताला काम आहे.

४ नोव्हेंबर, मंगळवार

सातवा प्रसंग गेला. दीड मिनिट एका फटक्यात.

रात्री तुळशीच्या लग्नाचे फटाके चालू असताना यावर बसलो होतो. सून पुण्याहून फोन करते आणि नवऱ्याला म्हणते, भाड्याच्या घराचं अॅडव्हान्स भरायचंय, आईंची सही या आठवड्यात घ्या. यातून प्रेक्षकाला काय नवीन कळतं? घाई आहे, एवढंच. घाई तर चौथ्यात मुलाच्या तोंडूनच कळते. मग हा प्रसंग कशासाठी होता? सून दाखवायची म्हणून. अडवणारं दुसरं काही सापडलं नाही.

प्रसंग काढला तरी सात हा आकडा काढला नाही. आठचा सात केला असता, तर कॅमेरावाल्याची शॉटची यादी, कपड्यांची यादी आणि क्लॅपवरचे आकडे सगळे घसरले असते. आता '७ – रद्द' अशी एक ओळ राहील आणि आठ आठच राहील.

सुनेला फोन करायचं काम असिस्टंटवर ढकलायचा मोह झाला. केला मीच. थोडा वेळ ती काही बोलली नाही. मग म्हणाली, "दादा, मी वाचताना मलाही वाटलं होतं की मी उगाच आलेय." मग मीच तिला विचारलं, तालमींना येशील का, कृती वाचायला आणि घड्याळ लावायला? तिचा जीव आता खर्ड्यात अडकलेला नाही, आणि वाचते छान. हो म्हणाली.

५ नोव्हेंबर, बुधवार. चौथ्या प्रसंगाला कात्री

सगळ्यात जाडा प्रसंग हाच, ३:५०. बाहेर मोजणीवाला बसलाय, आत आई चहा टाकतेय, मुलगा मागे लागलाय. एक तुकडा इथे उतरवून ठेवतो, कारण बाकीचं सगळं याच पद्धतीने केलं.

आधी:

मुलगा : आई, अगं ऐक ना. तो माणूस बाहेर बसलाय. त्याला अजून तीन घरं मोजायची आहेत.
आई : बसू दे. चहा पिऊन जाईल.
मुलगा : आई, चहाचा प्रश्न नाहीये. तुला कळतंय का, सगळ्यांनी संमती दिलीय, आपणच उरलोय.
आई : मी नाही म्हटलंय का?
मुलगा : नाही म्हणत नाहीस, पण हो पण म्हणत नाहीस. बाबा गेल्यापासून तू कुठल्याच गोष्टीला हो म्हणत नाहीस.
आई : त्याला साखर कमी घालू का?

आता:

मुलगा : त्याला अजून तीन घरं मोजायचीत.
आई : चहा पिऊन जाईल.
मुलगा : सगळ्यांनी संमती दिली. आपणच उरलोय.
आई : मी नाही म्हटलंय का?
मुलगा : हो पण नाही म्हटलंस.
आई : त्याला साखर किती?

आधीचं ३२ सेकंद, आताचं १५.

काय काय गेलं? 'तो माणूस बाहेर बसलाय' हे गेलं, कारण प्रेक्षकाने त्याला बसलेलं आत्ताच पाहिलंय. 'चहाचा प्रश्न नाहीये' गेलं. त्या वाक्याला आईच्या वाक्याचं उत्तर देण्यापलीकडे काम नव्हतं. लिहिताना आपण माणसांना एकमेकांच्या प्रत्येक बोलण्याची पोच द्यायला लावतो. घरात कुणी पोच देत नाही, आपलं घोडं पुढे दामटतात.

'बाबा गेल्यापासून' काढताना मात्र हात थांबला होता. वाक्य चांगलं आहे. पण ते इथे आलं, की मुलगा आईचं निदान करून मोकळा होतो आणि सहाव्या प्रसंगातल्या बाल्कनीला सांगण्यासारखं काही उरत नाही. बाबा तिथे खुर्चीतूनच कळू देत.

अशी कात्री लावत प्रसंग २:४० वर आला. दुसऱ्या प्रसंगातलं 'कोण?', 'मी मोजणीवाला', 'कसली मोजणी?', 'सोसायटीने सांगितलं नाही का?' हे सगळं उडवलं. दार उघडतं, त्याच्या हातातली टेप दिसते, बाई बाजूला होते. १:२० चे ५० सेकंद झाले.

सहाव्यातलं मोजणीवाल्याचं वाक्यही कापलं. आधी होतं, "काकू, रेराच्या व्याख्येप्रमाणे कार्पेट एरियात बाल्कनी येत नाही, ती वेगळी दाखवतात, त्यामुळे मी ही धरणार नाही." माहिती बरोबर आहे. २०१६ च्या रेरा कायद्यात कार्पेट एरिया म्हणजे आतली वापरायची जागा, त्यात आतल्या भिंतींची जाडी धरतात, पण बाहेरच्या भिंती, डक्ट आणि बाल्कनी धरत नाहीत. पण दिवसाला दहा घरं मोजणारा माणूस व्याख्या सांगत बसत नाही. तो म्हणेल, "काकू, बाल्कनी धरत नाहीत." तेवढंच ठेवलं.

६ नोव्हेंबर, गुरुवार

तालमीचं वेळापत्रक पाठवलं. सगळ्या प्रसंगांना सारखा वेळ दिला नाही. तिसरा आणि पाचवा, जिथे टेप आहे, तिथे सगळ्यात जास्त. चौथ्याला एक सकाळ. सहाव्याच्या फक्त जागा ठरवायच्या, पूर्ण जोरात करायचा नाही, तो शूटिंगच्या दिवसासाठी राखून ठेवायचा. ताईंना हे पटलं नाही. नाटकात शेवटचा प्रवेश सगळ्यात जास्त घासतात. मी म्हटलं, नाटकात तो पन्नास प्रयोग टिकवायचा असतो, आपल्याला एक दिवस. त्या म्हणाल्या, "बघू."

शनिवार ८ ला संध्याकाळी चार ते आठ, ३ आणि ५. रविवार ९ ला सकाळी २ आणि ४. शनिवार १५ ला सगळा रन, तीनदा. १६ ला उरलंसुरलं. शूटिंग २२ आणि २३. जागा खरीच मिळालीय, एका मित्राच्या आजीचा नौपाड्यातला रिकामा झालेला फ्लॅट, तिसरा मजला, लिफ्ट नाही. इमारत खरंच पाडायची आहे.

८ नोव्हेंबर, शनिवार. तालीम १

ताईंनी जिना चढून आल्यावर पहिलं वाक्य टाकलं, "तुमची गोष्ट मला आत्ता कळली." म्हणून पहिला प्रसंग छोटा करायचा नाही असं ठरवलं.

हॉल मोजला. बारा फूट चार इंच बाय दहा फूट दोन इंच, म्हणजे साधारण १२५ चौरस फूट. हेच आकडे संवादात घातले. मोजणीवाल्याला वहीत खरोखर लिहायला लावलं. वाचनात तो हवेत पेन फिरवत होता आणि ते चार हातांवरून कळत होतं. शिवाय खरं लिहायला लागला की त्याचा वेळही खरा झाला.

तिसऱ्या प्रसंगात वेळ कशी वाचवायची, यावर आज दोन तास गेले. बोलणं आधी आणि मोजणी नंतर, असं केलं तर २:५०. म्हणून मुलाचं बोलणं मोजणीवरच टाकलं. पहिल्यांदा केलं तेव्हा कलकलाट झाला. मुलगा सांगतोय नवीन घर कसं असेल, त्याच वेळी मोजणीवाला आकडे ओरडतोय, आणि दोघांचंही ऐकू येत नाही. साऊंडवाला नुसता डोकं हलवत होता. असं चालणार नाही, दोघांचे आवाज एकात एक गेले की एडिटला सोडवता येत नाहीत, असं त्याचं म्हणणं.

चौथ्या वेळी ताईंनी सुचवलं, त्याचा आकडा माझ्या मुलाच्या वाक्याच्या मधोमध पडू दे.

मुलगा : नवीन घरात तुला...
मोजणीवाला : बारा-चार.
मुलगा : ...लिफ्ट असेल.
मोजणीवाला : टोक दाबून धरा काकू.
मुलगा : गार्डन असेल, पार्किंग...
मोजणीवाला : दहा-दोन.

आता एकावेळी एकच माणूस बोलतो, पण बोलणं थांबत नाही आणि मोजणीही थांबत नाही. सुनेने घड्याळ दाखवलं: २:१५. पस्तीस सेकंद वाचले आणि एकही वाक्य गेलं नाही. उलट प्रसंग गमतीदार झाला, जो कागदावर नव्हता. मुलाला मात्र अवघड जातंय. वाक्य अर्धवट सोडायचं, पण आपण थांबलो असं वाटू द्यायचं नाही. तो दर वेळी 'तुला'नंतर श्वास घेऊन आकड्याची वाट बघतो, आणि तो वाट बघतोय हे दिसतं. शेवटी त्याला सांगितलं, तुला 'तुला लिफ्ट असेल' असं सलगच म्हणायचंय, मधे याने तोंड घातलं तर तो काय करणार! जबाबदारी मोजणीवाल्यावर ढकलली आणि जमलं.

टेप सोडली की पातं सर्रकन आत जातं आणि शेवटी फटकन वाजतं. तो आवाज दोनदा संवादावर आला. साऊंडवाल्याने नियम घातला, टेप लॉक करायची आणि हाताने हळू आत घ्यायची. फटकन आवाज अख्ख्या फिल्ममध्ये एकाच जागी: 'बाल्कनी धरत नाहीत' या वाक्यानंतर.

पाचवा प्रसंग लगेच सुटला, तोही कपाटामुळे. लोखंडी कपाट दोघांना हललं नाही, आणि हललं असतं तर आजीच्या मोझॅकच्या फरशीवर ओरखडे उठले असते. खालच्या मजल्यावरचे काका बघायला आले होते, त्यांच्या घराची मोजणी नुकतीच झालीय. म्हणाले, कपाट कोण हलवतं हो, टेप कपाटाच्या वरून धरतात. तसं केलं. आता मोजणीवाला स्टुलावर चढतो, आईला म्हणतो, "हात वर". २:१५ चं १:५० झालं, आणि हात वर करून टेप धरलेली ती बाई बघण्यासारखी आहे.

९ नोव्हेंबर, रविवार. तालीम २

सकाळी चौथा. पाचव्या मिनिटाला अडलं. मोजणीवाला बाहेरून 'काकू, पाणी मिळेल का?' म्हणायला आत येतो, त्याचा क्यू होता 'कुठल्याच गोष्टीला हो म्हणत नाहीस'. ते वाक्य बुधवारीच गेलंय. त्याच्या हातात जुनी प्रत होती, तो दाराआड उभा राहून न येणाऱ्या वाक्याची वाट बघत राहिला आणि आम्ही त्याची. चूक माझी. मी नवीन फाईल ग्रुपवर टाकली होती, कुणी काय बदललंय ते सांगितलं नव्हतं.

आता प्रत्येक पानाच्या डोक्यावर तारीख असेल आणि बदललेल्या ओळीच्या समासात फुली. आणि एखादं वाक्य कापलं की ते कुणाचा क्यू होतं ते आधी बघायचं, त्या नटाला नवा क्यू तोंडी सांगायचा. नुसती पीडीएफ पाठवणं म्हणजे सांगणं नव्हे.

दुसरी गोष्ट जास्त नाजूक. कापलेला चौथा प्रसंग चार वेळा केला आणि दर वेळी मुलगा दुष्ट वाटायला लागला. "त्याला अजून तीन घरं मोजायचीत. सगळ्यांनी संमती दिली. आपणच उरलोय." वसुलीला आल्यासारखं. वाक्यं तीच, वाचताना ठीक वाटली होती. ताई म्हणाल्या, "अरे, त्याने मला एकदाही हाक मारलेली नाही."

बघितलं तर खरंच. कात्री लावताना 'आई', 'अगं', 'ऐक ना', 'बरं का' हे सगळं मी भरताड म्हणून झाडून टाकलं होतं. हाक, लाड, आर्जव आपण याच शब्दांत ठेवतो, वाक्याचा अर्थ त्यांच्यावाचून पुरा होतो पण नातं पुरं होत नाही. दोन परत घातले. 'अगं, त्याला अजून तीन घरं मोजायचीत' आणि 'आपणच उरलोय आई'. दोन्ही मिळून घड्याळात एक सेकंदही पडत नाही. मुलगा पुन्हा घरचा झाला. मोजणीवाल्याच्या तोंडचं 'काकू' मी सुदैवाने कुठे कापलं नव्हतं.

मग सगळा खर्डा पुन्हा चाळला, आणखी कुठे असं झालंय का बघायला. आठव्यात एक 'हं' परत आणला. बाकी ठीक.

१५ नोव्हेंबर, शनिवार. रन-थ्रू

तिन्ही रन झाले. सुनेने घड्याळ लावलं, मी कोपऱ्यात बसलो, माझ्या हातात काही नव्हतं. नवव्यातल्या एका कृतीचं तिने विचारलं. आई टेप घेऊन आधी हॉलमध्ये का थांबते? माझ्याकडे उत्तर नव्हतं. थांबणं गेलं, १:२५ चं १:१० झालं.

तिसऱ्या रनचे आकडे: १ – ०:३५, २ – ०:५०, ३ – २:१५, ४ – २:४०, ५ – १:५०, ६ – २:१०, ८ – २:१५, ९ – १:१०. एकूण १३:४५.

लक्ष्यापेक्षा पंधरा सेकंद जास्त, मर्यादेच्या पंचवीस सेकंद आत.

जास्तीचे कुठून आले ते बघण्यासारखं आहे. सहावा मी कागदावर १:५५ केला होता, खेळला जातोय २:१० ला. जोरात करायचा नाही असं ठरलेलं असताना ताईंनी 'बाल्कनी धरत नाहीत' नंतर टेपचं टोक सोडलं, पातं फटकन आत गेलं, आणि त्या खुर्चीकडे बघत राहिल्या. मोजणीवाल्याला पुढचं वाक्य बोलवेना. वाक्य कापून वाचवलेला वेळ असा परत गेला. तो मागायचा नाही असं ठरवलंय. आठव्यात वाढलेले पंधरा मात्र मला पटत नाहीत. सही करण्याआधी ताई पेन झाकणातून काढतात, चष्मा शोधतात, लावतात, पुन्हा पेन हातात घेतात. नाटकातली सवय, शेवटच्या रांगेला दिसलं पाहिजे. चष्मा आधीपासून डोळ्यांवर ठेवायचा का, विचारलं. म्हणाल्या, "मग मी काय वाचलं हे कुणाला कळणार?" उद्यावर टाकलं.

असिस्टंटला आणखी एक रकाना करायला सांगितला. प्रत्येक प्रसंगापुढे, एडिटला किती सेकंद काढता येतील. जिन्यात संवाद नाही, तो ३५ चा २० होऊ शकतो. रात्रीचा प्रसंगही आकसू शकतो. तिसऱ्यात आकडे आणि वाक्यं एकमेकांत गुंतलीत, तिथून एक सेकंद काढता येणार नाही, जो काही वेळ आहे तो तालमीतच बसवायला हवा. म्हणून पंचवीस सेकंदांची शिल्लक मला पुरेशी वाटते. गरज पडली तर जिना आहे.

१६ नोव्हेंबर, रविवार

चष्मा सुटला. ताईंनीच सोडवला. चौथ्या प्रसंगात साखरेचा डबा बघायला लावलेला चष्मा त्या कपाळावर तसाच ठेवतात, आठव्यात नुसता खाली ओढतात. आठवा २:०३ वर आला. १२ सेकंद गेले, म्हणजे एकूण १३:३३. तीन सेकंदांसाठी आता कुणालाही छळायचं नाही.

पण त्यासाठी चौथ्यापासून आठव्यापर्यंत प्रत्येक प्रसंगात चष्मा कपाळावर हवा. आणि शूटिंगला आठवा पहिल्या दिवशी आहे, चौथा दुसऱ्या दिवशी. सूनबाईंनी कन्टिन्युइटीच्या वहीत पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात लिहिलंय, 'चष्मा!!'

खर्डा आज बंद. आठ प्रती काढायच्या, एका बाजूने छापलेल्या, म्हणजे मागच्या कोऱ्या बाजूवर टिपा लिहिता येतात. सातव्या पानाच्या जुन्या प्रती सगळ्यांकडून परत घेतल्या, दोन मिळाल्या नाहीत.

मोजणीवाला विचारत होता, शूटिंगला नवी टेप आणू का, ही जुनी दिसते. नको म्हटलं. या टेपचं लॉक जरा घट्ट आहे, ते दाबायला त्याला अर्धा सेकंद लागतो, आणि 'बारा-चार' बरोबर त्या अर्ध्या सेकंदानंतर पडतं. टेप मी घरी घेऊन आलोय.